जमिनीवरचे डाव : सीपमधलं कच्चं घर आणि पक्कं घर

मेंढीकोट आणि बदामसात आपल्याकडे घरोघरी खेळतात. सीप मात्र पंजाब-दिल्लीकडचा खेळ. पण विटा-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगले आहेत, आणि साताऱ्यात अपशिंग्यासारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं फौजेत गेली आहेत. ज्यांच्या घरचं कुणी असं उत्तरेत राहून आलंय, त्यांनी हा खेळ निदान पाहिला तरी असेल.

चौघं, दोन जोड्या, समोरासमोर भिडू. हुकूम नाही. एक्का 1, गुलाम 11, राणी 12, राजा 13, बाकीच्यांची किंमत पानावर आहे तीच. हातातलं पान टाकून जमिनीवरची त्याच किमतीची पानं उचलायची, किंवा ज्यांची बेरीज तेवढी होते ती. गुण मोजक्याच पानांना आहेत. इस्पिकच्या प्रत्येक पानाला त्याच्या किमतीइतके, म्हणजे एकूण 91, इतर तीन एक्क्यांना एकेक, आणि चौकटच्या दश्शीला 6. झाले 100. शिवाय एका पानात अख्खी जमीन साफ केली की ती सीप, तिचे सहसा 50 गुण. हा 50 चा आकडा ध्यानात ठेवा, कारण खरी भीती त्याचीच असते.

आता घर. हातातलं पान जमिनीवरच्या सुट्या पानाला जोडून 9 ते 13 पर्यंतची बेरीज करायची आणि त्यांची एक गड्डी करून ठेवायची. अट एकच: त्या बेरजेचं पान तुमच्या हातात हवं, आणि घर उभं आहे तोवर ते दुसरीकडे खर्चता येत नाही. बेरीज एकदाच जमली असेल तर घर कच्चं. दुसऱ्या कुणाला हातातलं पान वर टाकून त्याची किंमत वाढवता येते, म्हणजे घर फोडता येतं, अर्थात नव्या किमतीचं पान त्याच्याकडे असेल तर. त्याच गड्डीत तीच बेरीज दुसऱ्यांदा बसली की घर पक्कं, मग ते फुटत नाही.

सगळी कच्ची घरं सारखी कच्ची नसतात, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. 9 चं घर एक्का, दुर्री, तिर्री, चार यांतल्या कशानेही फुटू शकतं. 12 चं फक्त एक्क्याने. 13 चं तर फुटतच नाही, कारण पुढे किंमतच नाही.

एक डाव पाहू. जमिनीवर चौकटची पंजी, किलवरची नव्वी, बदामची तिर्री आणि बदामची दश्शी. तुमच्या हातात इस्पिकची सत्ती आणि एक राणी. राणीने नव्वी-तिर्री लगेच उचलता येईल, पण त्यात एकही गुण नाही. सत्ती पंजीला जोडली तर 12 चं कच्चं घर होतं, पण एक्का आणि राजा दोन्ही बाळगणारा प्रतिस्पर्धी एक्का टाकून ते 13 चं करेल आणि तुमची सात गुणांची सत्ती त्याच्या ताब्यात जाईल. त्यापेक्षा सत्ती-पंजी आणि नव्वी-तिर्री अशा दोन्ही बेरजा एकाच खेपेत एका गड्डीत ठेवा. घर तिथल्या तिथे पक्कं.

बाहेर राहिली एकटी दश्शी, आणि माझ्या मते या खेळीचा जीव तिच्यातच आहे. ती नसती, तर पुढच्याकडे राणी असल्यास त्याने घरासकट जमीन साफ केली असती: सात गुण आणि वर सीप. आता त्याने राणीने घर उचललं, तर दश्शी उघडी पडते आणि तुमच्या भिडूकडे दश्शी असेल तर सीप तुमची. त्याने दश्शीने दश्शी उचलली, तर जमिनीवर फक्त घर उरतं, आणि भिडूकडे राणी निघाली की पुन्हा सीप. दुर्री टाकली तर दश्शी-दुर्रीची बेरीज 12, म्हणजे राणीला सगळंच मोकळं. त्याच्याकडे गुलाम असेल तर एक्का दश्शीवर ठेवून 11 चं घर बांधणं ही त्यातल्या त्यात शहाणी वाट, आणि एका वेळी जमिनीवर दोनच घरं चालतात. त्याने घराला हात लावला नाही, तर बहुधा त्याच्याकडे राणी नाही असं धरून चाला.

पक्कं घर फुटत नाही, पण चोरीला जातं. त्याच किमतीचं पान असलेला कुणीही ते उचलू शकतो. म्हणून घर बांधण्याआधी राण्या मोजायच्या. दोन राण्या आधीच उचलल्या गेल्या असतील आणि तिसरी तुमच्या हातात असेल, तर धोका एकाच पानाचा, आणि तेही भिडूकडे असू शकतं. एकही राणी खेळात आलेली नसेल, तर मात्र बाहेर तीन आहेत. अशा वेळी इस्पिकचं मोठं पान घरात घालू नये, बिनगुणाच्या पानांनी घर बांधावं आणि सत्ती हातातच ठेवावी.