देणारा फोन, घेणारा टीव्ही

गणपतीच्या दिवसांत फोनवर आरत्या लावायच्या आणि आवाज वाढावा म्हणून फोन स्टीलच्या पातेल्यात उभा करून ठेवायचा, ही युक्ती घरोघरी चालते. त्याच खोलीत, भिंतीवर, 43 इंची टीव्ही गप्प बसलेला असतो. त्याच्या तळाशी साधारण दहा-दहा वॅटचे दोन स्पीकर असतात, तर फोनमधला स्पीकर जेमतेम वॅटभराचा. बऱ्याच स्मार्ट टीव्हींना फोनचं गाणं ब्लूटूथवरून घेऊन स्वतःच्या स्पीकरवर वाजवता येतं. ही सोय घरात असूनही ती वापरली जात नाही, कारण ती शोधायला माणूस नेमका चुकीच्या दारातून जातो.

ते चुकीचं दार आधी पाहू. अँड्रॉइड टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये Remotes & Accessories नावाचा विभाग असतो. तिथे नवीन उपकरण जोडायला सांगितलं की टीव्ही आजूबाजूची ब्लूटूथ उपकरणं धुंडाळतो, यादीत फोनचं नाव दिसतं, दोन्हीकडे सारखाच आकडा येतो, ‘पेअर’ दाबलं जातं. सगळं नीट झाल्यासारखं वाटतं. मग गाणं लावावं तर ते फोनमधूनच वाजतं! फोन बंद-चालू होतो, टीव्ही बंद-चालू होतो, शेवटी ‘आपल्या टीव्हीचं ब्लूटूथ खराब आहे’ असा निकाल लागतो.

ब्लूटूथ खराब नसतं. त्यावरून स्टिरिओ संगीत पाठवण्याचे काही ठरलेले नियम आहेत, त्यांना ए-टू-डी-पी म्हणतात. त्यात एका उपकरणाने आवाज द्यायचा असतो आणि दुसऱ्याने घ्यायचा. देणाऱ्याला सोर्स म्हणतात, घेणाऱ्याला सिंक. फोन नेहमीच्या वापरात सोर्स असतो, हेडफोन सिंक असतो. टीव्हीतलं ब्लूटूथ मुख्यतः टीव्हीचा आवाज हेडफोनला किंवा साउंडबारला देण्यासाठी बसवलेलं असतं, म्हणजे तोही सोर्सच. दोघेही बोलणारे, ऐकणारा कुणीच नाही. टीव्हीने घेणारा व्हायचं, तर ती भूमिका त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीने वेगळी घालावी लागते. काही कंपन्या घालतात, काही घालत नाहीत.

घातली असेल तर ती बहुधा ॲप्समध्ये किंवा सोर्सच्या यादीत, HDMI आणि AV यांच्या शेजारी सापडते. एलजीच्या बऱ्याच टीव्हींत तिचं नाव Sound Share आहे. इतरांकडे Bluetooth Speaker किंवा Bluetooth Audio अशा धर्तीची नावं असतात. हा पर्याय उघडला की पडद्यावर टीव्हीचं नाव आणि फोनची वाट पाहत असल्याची सूचना येते. आता शोध फोनने घ्यायचा, टीव्हीने नाही. फोनच्या ब्लूटूथ यादीत टीव्हीचं नाव आलं की ते दाबायचं. पूर्वीच्या फसलेल्या प्रयत्नातली जोडणी शिल्लक असेल, तर आधी दोन्हीकडून ती काढून टाकणं बरं. नाहीतर फोन जुन्याच ओळखीने जोडला जातो आणि पुन्हा शांतता.

जोडणी खरी झाली की नाही, हे फोनवरच कळतं. अँड्रॉइडमध्ये जोडलेल्या टीव्हीच्या नावाशेजारचं चाक दाबलं, की Media audio असं बटण दिसायला हवं. ते चालू असेल तर आवाज जाणारच. ते बटणच नसेल, तर त्या घडीला टीव्ही घेणाऱ्याच्या भूमिकेत नाही, असं खुशाल समजावं.

तरीही टीव्ही मुकाच राहिला, तर टीव्हीचा आवाज कुठे पाठवला आहे ते पाहावं. घरात साउंडबार असेल आणि टीव्हीचा साउंड आउटपुट त्याच्याकडे वळवलेला असेल, तर टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद असतात. आणखी एक अडचण हेडफोनची. ब्लूटूथ हेडफोन टीव्हीला आधीच जोडलेले असले, तर अनेक टीव्ही त्याच वेळी फोनचा आवाज घेत नाहीत.

आवाजाची पट्टी दोन ठिकाणी असते, एक फोनवर आणि एक टीव्हीवर. फोन अर्ध्यावर ठेवून टीव्ही खूप वाढवला, तर गाण्याबरोबर बारीक खरखरही वाढू शकते. त्यामुळे फोन जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि पुढचं कमी-जास्त टीव्हीच्या रिमोटने करावं. मात्र ढोल-ताशाचा दणका या स्पीकरांकडून मागू नये. ते चपटे असतात आणि बहुतेकदा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. मृदंगाचा खर्ज त्यांच्यात विरतो. बातम्या आणि मालिका ऐकण्यासाठी घडवलेले असल्यामुळे माणसाचा आवाज मात्र ते स्वच्छ देतात. म्हणून कीर्तन, नाट्यसंगीत, जुनी श्रुतिका या गोष्टी टीव्हीवर खऱ्या खुलतात.

यात इंटरनेट लागत नाही, हा मोठा फायदा. फोनवरून ‘कास्ट’ करताना टीव्ही बहुधा गाणं स्वतः वायफायवरून ओढतो. ब्लूटूथमध्ये फोन आवाज स्वतः पाठवतो, त्यामुळे मेमरी कार्डात साठवलेल्या आरत्या रेंज नसलेल्या गावातही वाजतात. पण फोन आवाज पाठवतो म्हणजे सगळेच आवाज पाठवतो. ऐन ‘घालीन लोटांगण’च्या वेळी व्हॉट्सॲपचा टिंग अख्ख्या घराला ऐकू येतो, आणि कुणी खासगी व्हॉइस मेसेज उघडला तर तोही. त्यासाठी फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाकावा. फोन आला तर गाणं थांबतं आणि बोलणं साधारणपणे फोनवरच होतं.

एक मर्यादा मात्र कुठल्याही सेटिंगने पूर्ण जात नाही. फोन आवाज आधी आवळतो, मग पाठवतो, टीव्ही तो उलगडतो आणि आपल्या प्रक्रियेतून काढून स्पीकरला देतो. यात सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो, कधी जास्तही. नुसतं गाणं ऐकताना हे कळतच नाही. यूट्यूबसारखी ॲप्स चित्र थोडं मागे ठेवून ही तफावत बऱ्यापैकी झाकतात. पण गेम खेळताना ती जाणवते, आणि फोनच्या माइकमध्ये गाऊन टीव्हीवर कराओके करणं तर निव्वळ अशक्य होतं: गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मागाहून ऐकू येतो आणि लय सुटते.

संगीत चालू असताना पडदा बंद ठेवण्याची सोय असेल तर जरूर वापरावी. टीव्हीची बरीचशी वीज पडद्याच्या उजेडावर जाते. ओलेड टीव्हीत तर तासन्‌तास एकच स्थिर चित्र ठेवल्याने पडद्यावर त्याचा कायमचा डाग पडण्याची भीती असते.

टीव्हीत ही भूमिकाच नसेल, तर छोटा ब्लूटूथ रिसीव्हर बाजारात मिळतो. तो टीव्हीच्या AV इनपुटच्या लाल-पांढऱ्या पिनांना जोडून सोर्स AV वर आणायचा. या मार्गावर दोन गोष्टी आडव्या येतात. रिसीव्हरला टीव्हीच्याच यूएसबीतून वीज दिली तर कधीकधी सतत घुंईं असा आवाज येतो; वेगळ्या चार्जरवर लावला की तो बहुधा जातो. आणि AV वर चित्र येत नसल्यामुळे काही टीव्ही सिग्नल नाही असं समजून थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. आरती मध्येच तुटायला नको असेल, तर सेटिंग्जमधलं No Signal Power Off आधीच बंद करून ठेवायचं.