'मध्यम' हवा आणि फुप्फुसांचा हिशेब

हिवाळ्यात मुंबई-पुण्यात हवेचा निर्देशांक दीडशेच्या आसपास असला, की अनेकांना हायसे वाटते. दिल्लीत चारशे, आपल्याकडे 'मध्यम', म्हणजे काळजीचे कारण नाही, असा समज असतो. तो चुकीचा आहे, आणि त्याची सर्वांत जास्त किंमत लहान मुले आणि वृद्ध मोजतात.

मुळात हा आकडा सगळ्या प्रदूषकांची बेरीज नाही. आठ प्रदूषकांपैकी ज्यांची मोजणी उपलब्ध आहे, त्या प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला सर्वांत मोठा तोच त्या दिवसाचा निर्देशांक ठरतो. हिवाळ्यात तो बहुधा धूलिकणांचा असतो. पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण. ते नाकात किंवा घशात अडत नाहीत, थेट फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत जातात. समजा, त्यांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरमागे 75 मायक्रोग्रॅम आहे. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकात 61 ते 90 मायक्रोग्रॅम हा टप्पा 101 ते 200 या पट्ट्यात बसतो, म्हणून 75 ला साधारण 149 हा आकडा येतो आणि हवा 'मध्यम' ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची चोवीस तासांसाठीची शिफारस 15 मायक्रोग्रॅमची आहे, म्हणजे ही हवा तिच्या पाचपट. अमेरिकेच्या मोजपट्टीवर हीच हवा 'आरोग्यास अपायकारक' या वर्गात पडते. वेगवेगळी अ‍ॅप्स एकाच हवेला वेगवेगळे आकडे देतात, त्याचेही हे एक मोठे कारण आहे. शिवाय आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेच 'मध्यम' हवेपुढे दमा व हृदयविकाराचे रुग्ण, मुले आणि वृद्ध यांना त्रास होऊ शकतो असे नोंदवले आहे. ती ओळ वाचली जात नाही एवढेच.

यावर आक्षेप येतो, की मुलांना खोकला नाही, दम लागत नाही, मग अपाय कुठे आहे? पण मुलांच्या फुप्फुसांचे नुकसान अनेकदा लक्षणांत दिसत नाही, ते वाढीत दिसते. बहुतांश वायुकोश जन्मानंतर तयार होतात आणि फुप्फुसांची क्षमता किशोरवय संपेपर्यंत वाढत राहते. त्यातच मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेते. दक्षिण कॅलिफोर्नियातील बारा वस्त्यांमधल्या मुलांच्या फुप्फुसांची क्षमता दहाव्या ते अठराव्या वर्षापर्यंत दरवर्षी मोजली गेली. एका सेकंदात जोराने किती हवा बाहेर टाकता येते, हे माप अपेक्षेच्या 80 टक्क्यांहून कमी असणाऱ्या मुलांचे प्रमाण पीएम 2.5 सर्वांत कमी असलेल्या वस्तीत 1.6 टक्के होते, सर्वांत जास्त असलेल्या वस्तीत 7.9 टक्के. हे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. 'परदेशातली आकडेवारी इथे कशी लागू होईल?' असे विचारणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी: त्या सर्वांत वाईट वस्तीतली वार्षिक सरासरीही 30 मायक्रोग्रॅमच्या आत होती, तर भारताची वार्षिक मर्यादाच 40 आहे. 'आपल्या मुलांना सवय झाली आहे' हेही टिकत नाही, कारण ती मुलेही त्याच हवेत वाढलेली होती आणि तरीही त्यांची फुप्फुसे मागे पडली. पुढे तिथली हवा सुधारली, तेव्हा कमी क्षमतेच्या मुलांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. 2015 मध्ये हेही प्रसिद्ध झाले आहे.

वृद्धांची अडचण वेगळी आहे. फुप्फुसांची क्षमता तरुणपणी शिखर गाठून नंतर हळूहळू उतरते, कफ वर ढकलणारी यंत्रणा मंदावते, खोकल्याची प्रतिक्रिया क्षीण होते. आत आलेले कण लवकर बाहेर पडत नाहीत आणि त्यांनी पेटवलेल्या दाहाचा भार हृदयावरही येतो. म्हणून वृद्धांसाठी एखाद-दोन दिवसांची वाढही महत्त्वाची असते. अमेरिकेतील ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याच्या नोंदींवर 2017 मध्ये झालेल्या अभ्यासात पीएम 2.5 मधील दर 10 मायक्रोग्रॅम वाढीमागे त्या दिवसांतील मृत्युदर सुमारे एक टक्क्याने वाढलेला आढळला, आणि अपाय थांबेल अशी कोणतीही सुरक्षित पातळी दिसली नाही. एक टक्का एका माणसासाठी किरकोळ वाटेल, पण लाखो ज्येष्ठ राहतात त्या शहरात तो किरकोळ नसतो.

मग मुलांना आणि आजी-आजोबांना घरात कोंडून ठेवायचे का? नाही, व्यायाम आणि खेळ फुप्फुसांना हवेच आहेत. प्रश्न वेळेचा आहे, आणि इथेच आणखी एक गैरसमज आड येतो: पहाटेची हवा नेहमीच शुद्ध असते. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि रात्रभरचा धूर तिथेच साचतो. दुपारी ऊन तापल्यावर तो वर विरतो. म्हणून पहाटे साडेपाचच्या फेरफटक्यापेक्षा सकाळी उशिरा किंवा दुपारी बाहेर पडणे बरे. मात्र त्यासाठी दिवसाचा निर्देशांक पुरेसा नाही: तो चोवीस तासांची सरासरी आहे, पहाटेची उसळी त्यात मिसळून जाते. जवळच्या केंद्रावरचा पीएम 2.5 चा तासाचा आकडा पाहावा आणि तो 60 च्या वर असेल तर मुलांची धावण्याची शर्यत किंवा आजोबांचे भरभर चालणे त्या वेळेपुरते पुढे ढकलावे.