रात्री जोरात घोरता अन् सकाळी डोळा लाल? पापणी ढिली झाली असेल, काचबिंदूचीही तपासणी करा

पुलगाव : समजा, पुलगावातला पन्नाशीचा एक ट्रकचालक आहे. वजन शंभर किलोच्या आसपास. घोरणं असं की बाजूच्या खोलीतल्यांचीही झोप मोडते. मध्येच घोरणं थांबतं, काही सेकंद श्वासच बंद होतो, मग तो दचकून मोठा श्वास घेतो. सकाळी उजवा डोळा लाल, चिकट अन् खुपणारा. दुपारपर्यंत बरं वाटतं. मेडिकलमधून थेंब आणले की चार दिवस आराम, मग पुन्हा तेच.

झोपेत श्वास अडण्याच्या या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. अशा काही रुग्णांच्या वरच्या पापणीतला ताणून धरणारा भाग कमजोर होतो. पापणी रबरासारखी ढिली पडते. माणूस उजव्या कुशीवर किंवा पालथा झोपला की ती उलटते अन् आतली नाजूक बाजू रात्रभर उशीवर घासते. म्हणून ज्या कुशीवर झोपतो, बहुतेक वेळा तोच डोळा जास्त लाल असतो. साध्या डोळे येण्यात असं महिनोन्‌महिने चालत नाही.

खरी काळजी काचबिंदूची आहे. श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन कमी होतो अन् डोळ्याच्या नसेला पुरेसा पुरवठा मिळत नाही, असं मानलं जातं. घोरणाऱ्या प्रत्येकाला काचबिंदू होत नाही. पण स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांत, विशेषतः ढिल्या पापणीच्या रुग्णांत, तो जास्त आढळल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. काहींच्या डोळ्यांचा दाब नॉर्मल असूनही नस खराब होते. त्यामुळे नुसता दाब मोजून भागत नाही. बाहुली मोठी करून नस पाहावी लागते अन् गरज असल्यास नजरेचा घेर मोजणारी फील्ड टेस्ट करावी लागते. काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही, अन् गेलेली नजर परत येत नाही.

इथेच मेडिकलच्या थेंबांचा धोका आहे. लाली झटपट घालवणाऱ्या काही थेंबांत स्टिरॉइड असतं. ते सल्ल्याशिवाय बरेच दिवस टाकलं तर डोळ्यांचा दाब वाढून त्यानेच काचबिंदू होऊ शकतो.

मग या चालकानं काय करावं? सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय, दोन्ही जिल्ह्यातच आहेत. नेत्र विभागात लालीसोबत घोरण्याचंही सांगावं; ते न सांगितल्यास डॉक्टरांचं लक्ष ॲलर्जीकडेच जाऊ शकतं. घरच्यांनी श्वास थांबतानाचा मोबाइल व्हिडिओ काढून न्यावा. श्वासाच्या आजारासाठी झोपेची तपासणी होते. गरजेप्रमाणे वजन कमी करणं अन् रात्री मास्कमधून हवा देणारं सीपॅप मशीन सुचवलं जातं. मास्कची हवा डोळ्यांकडे गळत असेल तर तेही सांगावं, कारण त्यानं डोळे कोरडे होतात.

पापणीसाठी रात्री मलम अन् डोळ्यावर कडक कवच लावतात. एवढ्यानं भागलं नाही तर लहान शस्त्रक्रिया करून पापणी घट्ट केली जाते. पापणी ढिली आहे का, हे घरी ओढून पाहू नका. डॉक्टर ते काही क्षणांत तपासतात.