नोकरी सोडणाऱ्याची शेवटची चिठ्ठी

एचएमव्ही या ब्रिटिश संगीतविक्री साखळीत ३१ जानेवारी २०१३ रोजी नोकरकपात झाली, तेव्हा तिची बातमी कंपनीच्याच अधिकृत ट्विटर खात्यावरून जगभर गेली. ज्यांना काढले जात होते, त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी हाती त्या खात्याच्या किल्ल्या होत्या. ‘ट्विटर बंद कसं करायचं?’ असे मार्केटिंग संचालक विचारत असल्याचेही त्याच खात्यावर झळकले.

बहुतेक कंपन्यांत मार्केटिंग सांभाळणारा माणूस गोडीगुलाबीने जातो. नुकसान तरीही होते, फक्त ते उशिरा दिसते. म्हणून जाणाऱ्याची हँडओव्हर नोट महत्त्वाची, आणि पडद्यावर जे दिसत नाही ते तिच्यात असायला हवे. गुगल ॲड्समध्ये दोन वर्षांपर्यंतच्या बदलांचा इतिहास सापडतो. कोणी, कधी, काय बदलले ते तिथे कळते. का बदलले, ते मात्र कळत नाही.

येवल्याहून ऑनलाइन पैठण्या विकणारे एक दुकान समजा. त्याच्या खात्यात दोन कॅम्पेन आहेत. एक दुकानाचे नाव टाइप करून शोधणाऱ्यांसाठी, दुसरे नुसते ‘पैठणी ऑनलाइन’ असे शोधणाऱ्यांसाठी. नवा माणूस पाहतो, की पहिल्यात एक ऑर्डर १०० रुपयांत मिळते आणि दुसऱ्यात ९०० रुपयांत. महागड्या कॅम्पेनचे पैसे स्वस्त कॅम्पेनकडे वळवावेत, किंवा दोन्ही एकत्र करावीत, असे त्याला वाटणे साहजिक आहे. पण नाव टाइप करणारा ग्राहक दुकान आधीपासून ओळखतो. जाहिरात नसती तरी त्यातले बरेच जण आले असते. नवे गिऱ्हाईक आणते ते दुसरे कॅम्पेन. शिवाय गुगल ॲड्समध्ये बजेट ठरते कॅम्पेनच्या पातळीवर, त्यामुळे दोन्ही एकत्र केली तर नव्या गिऱ्हाइकांसाठीचा पैसा वेगळा राखता येत नाही. ही फारकत मुद्दाम केली आहे, एवढे एक वाक्य नोटमध्ये असले तरी पुढची चूक टळते.

सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे अर्ध्यावर असलेली चाचणी. या दुकानाने दुसऱ्या कॅम्पेनवर प्रयोग लावला आहे: निम्म्या लोकांना जुने पान, निम्म्यांना विणकराची माहिती देणारे नवे पान. दोन्हीकडे सुमारे हजार क्लिक झाले. जुन्या पानावरून २१ ऑर्डर आल्या, नव्यावरून २७. नवे पान जिंकले?

अजून नाही. इतक्या थोड्या ऑर्डरींत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. ढोबळ हिशेब असा, की दोन्हीकडच्या ऑर्डरींची बेरीज घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि ते दुप्पट करावे. इथे बेरीज ४८, वर्गमूळ जवळजवळ ७, दुप्पट १४. फरक आहे फक्त ६ चा. त्यात पैठणीचा ग्राहक घरच्यांना विचारून आठवड्याने ऑर्डर देतो, आणि गुगल ॲड्स ती ऑर्डर नेहमीच्या अहवालात क्लिकच्या तारखेला जमा करते. त्यामुळे शेवटचा आठवडा नेहमीच पडल्यासारखा दिसतो. नवा माणूस रुजू होतो, घसरण पाहतो आणि घाबरून चाचणी थांबवतो. म्हणून चाचणी कधी सुरू झाली, मध्ये दिवाळी आली का, निकाल कोणत्या आकड्यावरून ठरणार आणि कोणत्या तारखेआधी तिला हात लावायचा नाही, हे जाणाऱ्याने लिहिलेच पाहिजे. निकालाचा निकष आकडे पाहण्याआधी ठरलेला असावा. नंतर ठरवला तर माणूस हवा तो विजेता शोधून काढतो.

राहिला प्रश्न किल्ल्यांचा. गुगल ॲड्समध्ये नुसते पाहण्यापासून ॲडमिनपर्यंत वेगवेगळ्या पातळ्यांचे ॲक्सेस देता येतात, त्यामुळे एकच पासवर्ड सगळ्यांनी वापरण्याचे काही कारण नाही. तरी छोट्या धंद्यांत खाते एखाद्याच्या खासगी जीमेलवर उघडलेले असते आणि ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. अशा वेळी क्रम चुकवू नये. आधी वारसदाराला ॲडमिन करावे, त्याने स्वतःच्या लॉगिनने आत जाऊन एखादा बदल करून पाहावा, मालकालाही दुसरा ॲडमिन ठेवावे, आणि मगच जाणाऱ्याचे नाव काढावे.

त्याआधी आणखी एक तपासणी हवी, आणि ती सहसा विसरली जाते. साठा संपलेल्या साडीची जाहिरात आपोआप थांबवणारी स्क्रिप्ट ज्याच्या परवानगीने चालते, त्याचा ॲक्सेस गेला की तीही बंद पडते. जाहिराती चालूच राहतात, पैसे जातात, आणि ग्राहक ‘उपलब्ध नाही’ लिहिलेल्या पानावर पोहोचतो. स्क्रिप्टच्या नोंदींत अपयशाचा शेरा दिसतो, पण कोणी उघडून पाहिले तरच. म्हणून अशी प्रत्येक स्क्रिप्ट कोणाच्या नावावर चालते ते नोटमध्ये लिहावे, वारसदाराने ती आपल्या लॉगिनने पुन्हा अधिकृत करावी, आणि दुसऱ्या दिवशी ती खरोखर चालली का ते दोघांनी मिळून पाहावे.