बोलणाऱ्याचं अक्षर

इतिहासाची गोडी असलेली माणसं व्हिडिओ गेमकडे सहसा वळत नाहीत, आणि त्याचं कारण मला पटतं. बहुतेक गेममध्ये इतिहास म्हणजे पडदा. समोर मारामारी, मागे देऊळ नाहीतर किल्ला. पण २०२२ साली ऑब्सिडियन या अमेरिकी कंपनीने काढलेल्या ‘पेंटिमेंट’मध्ये लढाई जवळजवळ नाहीच. त्याचा दिग्दर्शक जॉश सॉयर इतिहासाचा पदवीधर आहे, आणि ते पहिल्या अर्ध्या तासात जाणवतं.

काळ १५१८, जागा बव्हेरियाच्या डोंगरातलं टासिंग नावाचं काल्पनिक गाव आणि त्याला लागून असलेला मठ. आंद्रेयास मालर हा न्युरेंबर्गचा तरुण चित्रकार मठाच्या लेखनशाळेत पोथ्यांची चित्रं रंगवायला आला आहे. सगळं दृश्य त्या काळच्या सचित्र हस्तलिखितांच्या आणि लाकडी ठशांच्या धर्तीवर काढलेलं आहे, त्यामुळे आपण पोथीच्या पानातच फिरत असतो.

या गेममध्ये कोणी तोंडाने बोलत नाही. संवाद डोळ्यांसमोर लिहिले जातात, आणि बोलणारा बदलला की अक्षर बदलतं. भिक्षूंचं बोलणं टोकदार, दाट गॉथिक वळणात उमटतं. शेतकऱ्यांचं अक्षर ओबडधोबड, नव्या विद्येत मुरलेल्यांचं सुबक आणि गोलसर. छापखानेवाल्याच्या घरात मात्र खिळे जुळवले जातात आणि मजकूर दाबून छापला जातो. पोथीची बाळबोध आणि दफ्तराची मोडी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यातली गंमत लगेच कळेल: अक्षराच्या वळणावरून माणूस कुठला, कशासाठी लिहितो, हे ओळखता येतं. पण इथे आणखी एक खोच आहे. ते अक्षर बोलणाऱ्याचं खरं शिक्षण दाखवत नाही, आंद्रेयासची त्याच्याविषयीची समजूत दाखवतं. समोरचा माणूस वाटला त्याहून शिकलेला निघाला, की त्याचं अक्षर बदलतं. चिडलेल्या माणसाच्या ओळीत शाईचे शिंतोडे उडतात. देवाचं नाव आलं की तेवढी जागा आधी कोरी राहते आणि मग तांबड्या शाईने भरली जाते, कारण त्या काळी अनेक हस्तलिखितांत तांबड्या शाईचं काम शेवटी, वेगळ्या हाताने होत असे. डोळ्यांना त्रास झाला तर सोपी अक्षरं निवडायची सोय आहे, पण मग गेमचा निम्मा जीव जातो.

मठात एका सरदाराचा खून होतो आणि आळ आंद्रेयासच्या वृद्ध सहकाऱ्यावर येतो. त्याला सोडवायचं तर दुसरं नाव पुढे करावं लागतं. संशय चौघांवर: एक विधवा, एक पाथरवट, एक जोगीण आणि मठातला एक अधिकारी. पण दिवस मोजके आहेत. वेळ घड्याळाने नाही, प्रार्थनेच्या प्रहरांनी आणि जेवणांनी सरकते. दुपारचं जेवण कोणाकडे घ्यायचं हेही ठरवावं लागतं, कारण घास घेता घेता लोक बोलतात. एका घरी गेलात की दुसरं राहिलं. त्यामुळे सगळे पुरावे कधीच हाती लागत नाहीत. मागे जाऊन चूक सुधारण्याची मुभा नाही, आणि खुनी नक्की कोण हे गेम शेवटपर्यंत सांगत नाही. चौकशीची साधनं तुटपुंजी असलेल्या काळातला न्याय असाच अर्धवट असणार, आणि गेम त्याला प्रामाणिक राहतो.

सात वर्षांनी, म्हणजे १५२५ साली, आंद्रेयास परत येतो तेव्हा मठाधिपतीने कर वाढवले आहेत आणि जंगलात जायला गावकऱ्यांना बंदी केली आहे. हे लेखकाच्या मनातून आलेलं नाही. त्याच वर्षी मेमिंगनला जमलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी बारा मागण्या मांडल्या, त्यांत लाकूड, शिकार आणि मासेमारीचे हक्क होते. त्या मागण्या छापून गावोगाव गेल्या. छापखान्याच्या घरातलं ते खिळ्यांचं अक्षर इथे वेगळाच अर्थ घेतं.

गावाच्या दोन संतांच्या दंतकथाही अशाच उकलत जातात. जुन्या रोमन अवशेषांवर वसलेल्या या गावात कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीवर रंगवली आहे, हे मी इथे सांगणार नाही. ‘पेंटिमेंटो’ म्हणजे वरच्या रंगाखालून डोकावणारी चित्रकाराची आधीची रेघ, एवढं लक्षात ठेवून पाहा.

काटेकोर वाचकाला एक गोष्ट खटकेल. गुटेनबर्गचं मुद्रण सुरू होऊन साठेक वर्षं उलटल्यावरही हाताने पोथ्या लिहिणारी लेखनशाळा आणि एकाच छत्राखाली भिक्षू नि जोगिणी, ही रचना १५१८ साली जुनाट होती. मला हा दोष वाटत नाही, कारण मावळत्या जगाचा शेवटचा कोपरा दाखवणं हाच या कथेचा विषय आहे.

संवाद इंग्रजीत आहेत आणि वाचन भरपूर आहे, तेव्हा घाईत खेळू नका. पहिल्या खेपेला सोपी अक्षरं बंद ठेवा, आणि कोणाचं अक्षर कधी बदललं याची वहीत नोंद करत जा.