सवलत खर्चावर मिळते की दाखल्यावर?

घरात दिव्यांग मूल असतं, वडिलांचं डायलिसिस चालू असतं, आणि जुलै आला की सगळ्यांची धावपळ बिलांच्या फाइलसाठी होते. आयकराच्या दोन कलमांतला फरक माहीत नसल्यामुळे यातली निम्मी धावपळ चुकीच्या कागदासाठी होते. कलम ८०-डीडीला बिल लागत नाही, दाखला लागतो. कलम ८०-डीडीबीला बिलंही लागतात आणि ठरावीक डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शनही.

एक कुटुंब डोळ्यांसमोर धरू. मूळचे सांगलीचे एक बँक अधिकारी पुण्यात भाड्याने राहतात, सांगलीच्या घराचं कर्ज फेडतात. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे आणि दाखल्यावर ६५ टक्के दिव्यांगत्व आहे. अडुसष्ट वर्षांच्या वडिलांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. २०२५-२६ या वर्षाचा हिशेब पाहू.

मुलाचं सोपं आहे. नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणी दिव्यांग असेल आणि मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असेल, तर दिव्यांगत्व ४० टक्क्यांपासून पुढे असल्यास ७५ हजार आणि ८० टक्के किंवा जास्त असल्यास सव्वा लाख रुपये उत्पन्नातून वजा होतात. उपचारावर, प्रशिक्षणावर किंवा सांभाळण्यावर वर्षात खर्च झालेला असला पाहिजे, पण तो दहा हजार असो की तीन लाख, वजावट तेवढीच. अट एकच, त्या व्यक्तीने स्वतःच्या विवरणपत्रात ८०-यूची सवलत घेतलेली नसावी.

दाखला मात्र नेमका हवा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर फॉर्म १०-आयए लागतो. तो देण्याचा अधिकार न्यूरॉलॉजिस्टला (लहान मुलांसाठी बालमेंदूविकारतज्ज्ञाला) किंवा सरकारी रुग्णालयातल्या जिल्हा शल्यचिकित्सकाला असतो. हा फॉर्म विवरणपत्राआधी आयकराच्या पोर्टलवर भरावा लागतो. दाखल्यावरची मुदतही बघा. मुलाचा दाखला ३० सप्टेंबर २०२५ ला संपला, तरी २०२५-२६ ची पूर्ण वजावट मिळते, कारण तो त्या वर्षात संपला. २०२६-२७ साठी मात्र फेरतपासणी करून नवा दाखला हवाच. वाढत्या मुलांच्या दाखल्यांवर अशी मुदत असू शकते आणि ती निसटते. सप्टेंबरमध्ये संपणाऱ्या दाखल्यासाठी उन्हाळ्यातच रुग्णालयात जावं, असं मी आग्रहाने सांगेन.

वडिलांचं प्रकरण अवघड आहे. ८०-डीडीबी हे नियमांत नावानिशी दिलेल्या आजारांनाच लागू होतं: कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणं, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, पूर्ण अवस्थेतला एड्स आणि पार्किन्सन्स, डिमेन्शियासारखे काही मेंदूविकार. मेंदूविकारात दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असावं लागतं. मर्यादा ४० हजारांची, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर एक लाखाची. प्रिस्क्रिप्शन त्या आजाराच्या तज्ज्ञाचंच हवं. मूत्रपिंडासाठी ते डीएम झालेल्या नेफ्रॉलॉजिस्टचं किंवा एमसीएच झालेल्या युरॉलॉजिस्टचं. डायलिसिस केंद्रातल्या ड्यूटी डॉक्टरच्या सहीचा कागद खासगी उपचारात चालत नाही. त्या कागदावर रुग्णाचं नाव, वय, आजार आणि तज्ज्ञाचं नाव, पत्ता, पदवी, नोंदणी क्रमांक एवढं असायलाच हवं.

हिशेबात चूक होते ती विम्याच्या पैशांची. वडिलांवर २ लाख १० हजार खर्च झाले, विमा कंपनीने ८५ हजार दिले. खिशातून गेले सव्वा लाख, म्हणून लाखाची वजावट मिळेल, असं सगळ्यांना वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. आधी मर्यादेपर्यंतची रक्कम धरायची, म्हणजे एक लाख, आणि विम्याचे ८५ हजार त्यातून वजा करायचे. हाती उरतात १५ हजार. नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेल्या भरपाईलाही हाच नियम. मला हा नियम कठोर वाटतो, पण तो असा आहे.

आणि हे सगळं फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत या दोन्ही सवलती नाहीत आणि पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल, तर तिथे करच लागत नाही. म्हणून आधी दोन्ही हिशेब करावेत. आपल्या अधिकाऱ्यांचा पगार १६ लाख. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८०-सीचे दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख आणि घरभाड्याचे दोन लाख गेले की उरतात १० लाख. त्यावर कर १,१२,५००. नव्या प्रणालीत १,०८,७५०. म्हणजे इथवर नवी बरी. आता मुलाचे ७५ आणि वडिलांचे १५, असे ९० हजार आणखी वजा केले की जुन्या प्रणालीतला कर ९४,५०० होतो. दोन्हींवर सेस वेगळा. या कुटुंबाचा निर्णय दाखल्यांनीच फिरवला. घरभाडं नसतं, तर दोन्ही दाखले हातात असूनही नवी प्रणालीच स्वस्त पडली असती.

२०२६-२७ पासून नवा आयकर कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्या वर्षाचे कागद करताना जुना क्रमांक लिहू नये.