कानाचा अहवाल प्राचार्यांना कळेल अशा भाषेत

‘मला कमी ऐकू येते. तरी तासांचे रेकॉर्डिंग करण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’ कमी ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांचे अर्ज बहुधा असेच दोन ओळींचे असतात आणि त्यावर ‘पुढच्या बाकावर बसावे’ असा शेरा मिळतो. हा शेरा निष्ठुरपणाने मारलेला नसतो. कमी ऐकू येत असेल तर जवळ बसावे, हे कोणालाही पटेल असेच उत्तर आहे. अडचण अशी की कानाचा खरा प्रश्न अर्जात आलेलाच नसतो.

उदाहरण म्हणून बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी घेऊ. दोन्ही कानांतील आतल्या नसेची श्रवणशक्ती कमी झालेली आहे आणि दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत. समोर बसून बोलले तर ती नीट उत्तर देते, त्यामुळे ‘हिला तर ऐकू येते’ असा सगळ्यांचा समज. तिचा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणाचा आलेख, पाहिला की कोडे सुटते. 500 हर्ट्झच्या जाड आवाजाला तिला 30 डेसिबल लागतात, 1000 हर्ट्झला 40, 2000 हर्ट्झला 60 आणि 4000 हर्ट्झच्या बारीक आवाजाला 75. पहिल्या तीन आकड्यांची सरासरी 43 येते. अहवालाच्या तळाशी ‘मध्यम स्वरूपाचा श्रवणदोष’ एवढेच लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याला ते फारसे गंभीर वाटत नाही.

पण आलेख उजवीकडे घसरत जातो, आणि खरी गोष्ट त्या उतारात आहे. बोलण्यातील स्वर जाड आवाजाचे आणि जोरकस असतात. स, श, फ, ट, क या व्यंजनांची ओळख पटते ती मुख्यतः बारीक आवाजांवरून, आणि ती स्वरांपेक्षा बरीच क्षीण असतात. त्यामुळे या मुलीला शिक्षक बोलताहेत हे कळते, पण ‘तास’, ‘ताप’ आणि ‘ताक’ यांत फरक लागत नाही. घरच्या बोलण्यात संदर्भावरून शब्द जुळवता येतो. रसायनशास्त्राच्या तासाला ‘सल्फाइट’ म्हटले की ‘सल्फाइड’, हे संदर्भावरून ओळखणार कसे? शब्द नवा असतो आणि वहीत चुकीचा उतरतो.

पुढच्या बाकाने थोडा फायदा होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने कमी होतो. शिक्षकांचा आवाज एक मीटरवर 65 डेसिबल धरला, तर चार मीटरवर तो 53 च्या आसपास राहतो. वर्गात भिंतींवरून येणारा प्रतिध्वनी त्यात थोडी भर घालतो, पण शब्द आणखी अस्पष्ट करतो. त्यावर पंख्यांची घरघर आणि व्हरांड्यातला गलका असतोच. मात्र शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की पुढचा बाकही उपयोगाचा नाही. बारीक आवाज तोंडासमोर सरळ जातात, मागे कमीच येतात. ओठही दिसेनासे होतात.

रेकॉर्डिंगचा उपयोग होईल का, हे सांगणारी चाचणी वेगळी आहे. श्रवणतज्ज्ञ पंचवीस शब्दांची यादी आधी शांततेत आणि मग गोंगाटात ऐकवून किती शब्द बरोबर ओळखले ते मोजतात. या मुलीने यंत्रे लावून शांततेत 22 शब्द ओळखले, म्हणजे 88 टक्के. गोंगाटात 13, म्हणजे 52 टक्के. याचा अर्थ, स्वच्छ आवाज मिळाला तर तिचा कान काम करतो. घरी शांत खोलीत, थांबून थांबून, पुन्हा ऐकण्याचा तिला फायदा होणार. शांततेतही निम्मेच शब्द कळत असतील, तर नुसत्या रेकॉर्डिंगने भागणार नाही. तिथे लेखी टिपणे मागावी लागतील.

हे सारे प्राचार्यांना कळेल अशा भाषेत मांडले की अर्ज असा होतो:

‘माननीय प्राचार्य महोदय, मला दोन्ही कानांनी बारीक आवाज कमी ऐकू येतात. शिक्षकांचा आवाज येतो, पण नवीन पारिभाषिक शब्द नीट ओळखता येत नाहीत. शांततेत यंत्रांच्या मदतीने मला 25 पैकी 22 शब्द कळतात, गोंगाटात 13. सहा महिन्यांच्या आतील श्रवण अहवाल सोबत जोडला आहे. पुढील बाकावर मी बसतेच. त्याशिवाय रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र या विषयांच्या तासांचे फक्त आवाजाचे रेकॉर्डिंग करण्याची परवानगी मिळावी. शिक्षकांनी कॉलरला लहान माइक लावावा, ही विनंती; तो मी आणीन. रेकॉर्डिंग फक्त माझ्या अभ्यासासाठी राहील, कोणालाही पाठवले जाणार नाही आणि निकालानंतर पुसून टाकले जाईल. शिक्षक सांगतील तेव्हा ते बंद केले जाईल. प्रथम पंधरा दिवसांसाठी परवानगी द्यावी, ही विनंती.’

अर्जातील शेवटची वाक्ये दुय्यम नाहीत. शिक्षकांना धास्ती असते ती आपले बोलणे तोडून व्हॉट्सअॅपवर फिरेल याची. वर्गातील इतर मुलांचे बोलणेही त्यात येते. ही काळजी अर्जदाराने आधीच दूर केली, तर नकाराचे मोठे कारण उरत नाही.

माइकची ओळही तितकीच गरजेची आहे. बाकावर ठेवलेला मोबाइल नेमके तेच टिपतो, जे तिथे बसलेल्या कानाला मिळते: लांबचा आवाज आणि जवळचा पंखा. असे रेकॉर्डिंग घरी मोठ्याने लावले तर पंखाही मोठा होतो. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असला, की शिक्षकांचा आवाज गोंगाटाच्या बराच वर राहतो.

दाखल्याबाबतही गैरसमज आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये दोन्ही कानांत बोलण्याच्या आवाजांना 60 ते 70 डेसिबल लागत असतील, तर ‘ऐकण्यास कठीण’ असे प्रमाणपत्राच्या दृष्टीने धरले जाते. 43 सरासरीची ही मुलगी त्यात बसत नाही. पण याच कायद्यात दिव्यांगत्वाची व्याख्या, दीर्घकाळच्या दोषामुळे आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे सहभागात येणारी अडचण, अशी व्यापक आहे. शिक्षणसंस्थांनी व्यक्तीच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी, असे कलम 16 सांगते. शिवाय प्रमाणपत्र नसताना अशी साधी परवानगी देण्यापासून हा कायदा प्राचार्यांना अडवत नाही. म्हणून प्रमाणपत्र नसेल तर श्रवणतज्ज्ञांचा अहवाल जोडावा आणि त्यात गोंगाटातील चाचणी करून घ्यावी.

पंधरा दिवसांनी परिणाम मोजणे सोपे आहे. एका तासातले वीस नवे शब्द विद्यार्थिनीने वर्गात ऐकले तसे लिहावेत, घरी रेकॉर्डिंग ऐकून पुन्हा लिहावेत आणि दोन्ही याद्या पुस्तकाशी ताडाव्यात. दुसऱ्या यादीत चुका बऱ्याच कमी झाल्या, तर परवानगी वर्षभरासाठी मागायला आधार मिळतो. फरक पडलाच नाही, तर आधी माइकची जागा आणि मग श्रवणयंत्रांची जुळणी तपासून घ्यावी. ‘हे यात मिळवा, ते गाळा’ असे बोट दाखवून केलेले बोलणे मात्र कोणत्याच माइकला कळत नाही. फळ्यावर लिहिलेले शिक्षकांनी तोंडाने वाचून दाखवले, तरच ते रेकॉर्डिंगमध्ये येते. ही विनंती त्यांना अर्जासोबतच सांगावी.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. तासभराचे रेकॉर्डिंग थांबून थांबून ऐकायला दीड-दोन तास लागतात, आणि दिवसभर शब्द जुळवून थकलेल्या मुलीकडे रोज चार तासांचे रेकॉर्डिंग ऐकण्याचे बळ नसते. म्हणूनच अर्जात सर्व विषय न मागता, जिथे नवे शब्द जास्त असतात असे दोनच विषय मागितले आहेत.